‘गरम पान्याने शेका’: उच्चारावरचा एक टोमणा आणि त्याला दिलेले उत्तर

बुलढाणा जिल्ह्यात वाढलेल्या, फिजिओथेरपीची पदवी अर्थातच इंग्रजीतून घेतलेल्या आणि सध्या नाशिकमध्ये दवाखाना चालवणाऱ्या एका बाईंनी गुडघेदुखीवर सुमारे ९ मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. वयोमानाने गुडघ्यांची झीज झालेल्या माणसांनी घरी कोणते व्यायाम करावेत, कधी शेकावे आणि कधी शेकू नये, एवढाच त्याचा विषय होता. व्हिडिओ बरा चालला, लोकांनी तो घरच्यांना पुढे पाठवला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याखाली पुढील मजकुराची कॉमेंट आली:

‘मॅडम, गरम पान्याने शेकायचं म्हणजे नक्की काय, स्पॅनर तापवून लावायचा का? आधी मराठी शिका. आणि नी, पेन, स्वेलिंग, हीट... माझ्या आईला काहीही कळलं नाही. इंग्रजीत करायचा तर सरळ इंग्रजीतच करा.’

शेवटी हसण्याची चिन्हे होती. सायंकाळपर्यंत त्याखाली उत्तरांची रांग लागली होती, आणि त्यात गुडघ्याविषयी एक शब्दही नव्हता.

आरोग्यविषयक मराठी मजकुराचे संपादन हे माझे काम असल्याने या बाईंनी मला तो धागा वाचायला पाठवला आणि त्यापुढे काय करायचे हे आम्ही मिळून ठरवले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत; टोमण्याचा आशय आणि उत्तराचा मजकूर मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळा प्रश्न त्या मजकुराचाच आहे.

टोमणा विनोदी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ‘पाणी’ या शब्दातला ‘ण’ वऱ्हाडात, खानदेशात आणि राज्याच्या इतर अनेक भागांतील बोलण्यात ‘न’ होतो, त्यामुळे ‘पाण्याने’ हे रूप ‘पान्याने’ असे ऐकू येते, आणि ‘पान्याने’ हे योगायोगाने नट आवळण्याच्या पान्याचेही रूप आहे. ज्याने हे टिपले त्याचा कान चांगला आहे. अशा टोमण्यापुढे गंभीर चेहरा करून भाषाशास्त्र सांगू लागणारा माणूस वाचकांच्या नजरेत हरतो. विनोद झाला आहे हे त्याला कळलेलेच नाही, असे दिसते.

परंतु त्या कॉमेंटमध्ये एक नव्हे, दोन तक्रारी आहेत, आणि लिहिणाऱ्याने त्या एकाच दमात लिहिल्यामुळे त्या एकसारख्या वाटतात. पहिली तक्रार उच्चाराची आहे: बाई ‘ण’ म्हणत नाहीत. दुसरी सरमिसळीची आहे: बाई मराठी वाक्यात इंग्रजी शब्द घालतात आणि त्यामुळे एका विशिष्ट व्यक्तीला, म्हणजे त्याच्या आईला, सांगितलेले कळले नाही. पहिल्या तक्रारीत कोणाचेही नुकसान झालेले नाही. खुद्द टोमणा मारणाऱ्यालाही ‘पान्याने’ म्हणजे पाण्याने हे कळले होते, म्हणून तर त्याला विनोद करता आला. दुसऱ्या तक्रारीत नुकसान झालेले असू शकते. बाईंना रात्रभर बोचत राहिली ती मात्र पहिली तक्रार, आणि दुसरी त्यांनी जवळजवळ वाचलीच नव्हती. असे बहुतेकांचे होते, कारण उच्चारावरचा टोमणा गावावर, घरावर आणि आईवडिलांच्या बोलण्यावर जातो, तर सरमिसळीवरचा टोमणा फार तर सवयीवर जातो.

त्या रात्री बाईंनी एकामागून एक तीन उत्तरे लिहिली आणि सुदैवाने एकही टाकले नाही. त्यांचा धाकटा भाऊ चित्रीकरणाचे काम बघतो. त्याचे म्हणणे होते, ‘ताई, तू कशाला तोंडी लागतेस, मी उडवून टाकतो ना ती कॉमेंट.’ तीन उत्तरे आणि हा चौथा पर्याय यांपैकी प्रत्येकात काहीतरी शिकण्यासारखे आहे, म्हणून ते थोडे सविस्तर पाहू.

पहिला मसुदा स्पष्टीकरणाचा होता. आमचे शिक्षण इंग्रजीत झाले, पुस्तके इंग्रजीत आहेत, दवाखान्यात दिवसभर हेच शब्द तोंडात असतात, सगळ्यांना सगळे शब्द मराठीत सुचतीलच असे नाही, अशा अर्थाच्या १२-१३ ओळी होत्या. यातले प्रत्येक वाक्य खरे होते. दोष एवढाच होता की या उत्तराचा विषय बाई स्वतः होत्या. गुडघा दुखणारी जी बाई त्या धाग्यावर माहिती शोधत येईल, तिला डॉक्टरांचे शिक्षण कोणत्या भाषेत झाले याच्याशी काही कर्तव्य नसते. शिवाय लांब स्पष्टीकरणातले कोणतेही एक वाक्य उचलून पुढचा टोमणा तयार करता येतो. ‘शब्द सुचत नाहीत’ हे वाक्य तर त्यासाठी हातात आणून दिल्यासारखे होते.

दुसरा मसुदा प्रतिहल्ल्याचा होता. टोमणा मारणाऱ्याने आपल्या कॉमेंटमध्ये ‘मॅडम’ आणि ‘स्पॅनर’ हे शब्द वापरलेच होते. ‘आधी तुम्ही मराठी शिका, मग मला शिकवा’ असे म्हणणे सहज शक्य होते, आणि त्या उत्तराला भरपूर टाळ्याही पडल्या असत्या. त्यापुढे जाऊन बटाटा, पाव, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि अर्ज, वकील, तारीख हे फारसी-अरबीतून, मग शुद्ध मराठी म्हणजे काय, असा युक्तिवादही बाईंनी लिहिला होता. युक्तिवाद खोटा नाही, पण तो येथे लागू पडत नाही. ‘बटाटा’ बुलढाण्यातल्या आजीला कळतो, म्हणून तो मराठी आहे. ‘अव्हॉइड’ तिला कळत नाही. शब्द कुठून आला हा प्रश्न नव्हता, तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला का, हा प्रश्न होता. भाषेच्या इतिहासाचा आधार घेऊन आजच्या न कळण्यावर पांघरूण घालणे ही सुशिक्षितांची आवडती पळवाट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा मसुदा पहाटे लिहिलेला होता आणि तो सर्वांत वाईट होता. ‘माझे मराठी कच्चे आहे, कृपया सांभाळून घ्या.’ वरवर पाहता ही नम्रता आहे. प्रत्यक्षात मात्र ‘पानी’ म्हणणे म्हणजे कच्चे मराठी, हे टोमणा मारणाऱ्याचे गृहीतक बाईंनी स्वतःच्या सहीने मान्य केले असते, आणि तसेच बोलणाऱ्या ज्या हजारो माणसांसाठी त्या व्हिडिओ करतात, त्यांच्या वतीनेही मान्य केले असते. महानुभावांचे मराठीतले आद्य गद्य वऱ्हाडातल्या रिद्धपूरच्या परिसरात घडले आणि गाडगेबाबांची कीर्तने वऱ्हाडीतच झाली, हे सगळे कॉमेंटमध्ये लिहिण्याची मुळीच गरज नाही. पण माफीचा मसुदा फाडून टाकण्यापुरते ते लक्षात असलेले बरे. उच्चाराबद्दल माफी मागायची नसते. कळले नाही याबद्दल दुरुस्ती करायची असते. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या की दुरुस्तीही माफीसारखी दिसू लागते.

भावाने सुचवलेला पर्याय, म्हणजे कॉमेंट काढून टाकणे, तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे. चॅनेलच्या मालकाला आपल्या व्हिडिओखालची कोणतीही कॉमेंट ‘Remove’ करता येते, आणि ‘Hide user from channel’ निवडले की त्या व्यक्तीच्या कॉमेंट त्या चॅनेलवर इतरांना दिसत नाहीत. ‘स्पॅनर’ हा शब्द अडवायच्या शब्दांच्या यादीत टाकण्याचाही विचार झाला. त्यात एक अडचण अशी की मराठी माणूस तोच शब्द देवनागरीत एक प्रकारे आणि रोमन अक्षरांत चार प्रकारे लिहितो, त्यामुळे यादी वाढत जाते आणि तिच्या जाळ्यात सरळ मनाने लिहिलेल्या कॉमेंटही अडकतात. पण खरी अडचण वेगळी होती. काढून टाकलेल्या कॉमेंटमध्ये ‘माझ्या आईला काहीही कळलं नाही’ हे वाक्यही गेले असते, आणि संपूर्ण धाग्यावर व्हिडिओच्या उपयोगाविषयी बोलणारे तेवढे एकच वाक्य होते.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी ते वाक्य खरे आहे का, हे तपासायचे ठरले. बाईंच्या दवाखान्यात सासूला घेऊन येणाऱ्या एका सुनेला विनंती केली आणि त्या सासूबाईंना, ज्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले होते, व्हिडिओचा शेकण्यासंबंधीचा भाग दोनदा ऐकवला. मग एकच प्रश्न विचारला: ‘आजी, आता घरी जाऊन तुम्ही काय कराल?’ समजले का, असे विचारायचे नाही, कारण त्याला प्रत्येक जण हो म्हणतो. काय कराल, हे विचारायचे. आजी म्हणाल्या, ‘सूज आली की गरम शेकायचं.’

व्हिडिओतले वाक्य असे होते: ‘नीला स्वेलिंग असेल आणि टच केल्यावर वॉर्म लागत असेल, तर हीट अव्हॉइड करा.’ आजींना ‘स्वेलिंग’ कळले होते, कारण दवाखान्यांत हा शब्द त्यांच्या कानांवरून गेला होता. ‘वॉर्म’ आणि ‘हीट’ म्हणजे काहीतरी गरम, हेही त्यांनी अंदाजाने ओळखले. निसटला तो ‘अव्हॉइड’. त्यामुळे मनाई ही सूचना झाली आणि अर्थ बरोबर उलटा पोहोचला. सुजलेला, स्पर्शाला गरम लागणारा गुडघा शेकला तर सूज आणि ठणका वाढण्याची शक्यता असते; तेथे बर्फ लावणे योग्य. म्हणजे खोडसाळ टोमण्यातला अर्धा भाग बिनमहत्त्वाचा होता आणि अर्धा भाग दवाखान्याच्या दृष्टीने गंभीर होता. शेजारच्याच वाक्यातल्या ‘गरम पान्याची पिशवी’ या शब्दांवर आजी क्षणभरही अडल्या नव्हत्या, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर आम्ही सगळा व्हिडिओ ऐकून इंग्रजी शब्द उतरवून काढले, आणि यातून जे दिसले ते मला या प्रकरणातले सर्वांत उपयोगाचे वाटते. एक्स-रे, एमआरआय, ऑपरेशन, फिजिओथेरपी हे शब्द सगळ्यांना कळतात. त्यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द दिला तर उलट कळणे थांबेल. ‘कार्टिलेज’ कळत नाही, पण त्यासाठी ‘कूर्चा’ हा शब्द योजला तर तोही कळत नाही. तेथे ‘हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते ती’ असे एकदा सांगून पुढे ‘गादी’ म्हणणे बरे. ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘सो’ हे शब्द कानाला खटकतात, त्यांच्यावरून टोमणे सर्वाधिक येतात, पण ते काढले किंवा ठेवले तरी अर्थात फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो क्रियापदांनी. ‘बेंड करा’, ‘होल्ड करा’, ‘रिलॅक्स करा’, ‘अव्हॉइड करा’ यांत ‘करा’ तेवढे मराठी असते आणि नक्की काय करायचे ते इंग्रजीत राहते. इंग्रजी नाम ऐकणाऱ्याला संदर्भावरून ओळखता येते, कारण गुडघ्याकडे बोट दाखवून ‘नी’ म्हटले की तो गुडघाच असतो. पण ‘अव्हॉइड’ला बोट दाखवता येत नाही. जो सरमिसळ करतो त्याने सगळे शब्द सोडवायची गरज नाही. आज्ञा आणि मनाई मराठीत आली तर बरेचसे काम होते.

यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलता येत नाही. नवा चढवला तर आधीच पुढे पाठवले गेलेले दुवे जुन्याच व्हिडिओकडे जातात. त्यामुळे दुरुस्ती तीन ठिकाणी करायची ठरली: व्हिडिओला मराठी उपशीर्षके, सर्वांत वर लावून ठेवलेली बाईंची स्वतःची कॉमेंट, आणि टोमण्याखालचे उत्तर. वर लावायला म्हणजे ‘Pin’ करायला एकच कॉमेंट मिळते. काही जण टोमणाच वर लावतात आणि त्याखाली आपले उत्तर लिहितात. त्यातून उत्तर देणाऱ्याचा आत्मविश्वास दिसतो खरा, पण व्हिडिओ पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला सर्वप्रथम स्पॅनर दिसतो. येथे वर लावलेल्या कॉमेंटमध्ये टोमण्याचा उल्लेखही केला नाही. तिच्यात शेकण्याचा नियम आणि व्हिडिओतले चार व्यायाम साध्या मराठीत, ओळीने लिहिले.

उपशीर्षकांत एक बारीक प्रश्न आला. बाई ‘पानी’ म्हणतात, तर खाली ‘पानी’ लिहायचे की ‘पाणी’? मी ‘पाणी’ लिहिले. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली भर ही लेखनासाठी आहे; कोणी कसे उच्चारावे हे ते नियम सांगत नाहीत. वाचणाऱ्याला नेहमीच्या रूपात शब्द दिसला की तो चटकन वाचतो, आणि उपशीर्षक दोन-तीन सेकंदच समोर असते. बोलणे बाईंचे, लेखन सगळ्यांचे, असा सरळ हिशेब केला.

टोमण्याखाली जे उत्तर गेले ते असे:

‘नमस्कार. माझे बोलणे बुलढाण्याकडचे आहे, त्यामुळे माझ्या तोंडून “पानी” असेच येणार. स्पॅनर मात्र कृपया तापवू नका. इंग्रजी शब्दांबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. आईंना हे सांगा: गुडघा नुसता आखडला असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने १० ते १५ मिनिटे शेकावे. गुडघ्यावर सूज असेल आणि हात लावल्यावर तो गरम लागत असेल, तर शेकू नये. बर्फ कापडात गुंडाळून १० मिनिटे लावावा. व्यायाम सोप्या मराठीत सर्वांत वरच्या कॉमेंटमध्ये लिहिले आहेत. आईंना काही अडले तर इथेच विचारा.’

यातला प्रत्येक निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. उच्चाराविषयी एकच वाक्य आहे, ते पहिले आहे, आणि त्यात ना माफी आहे ना अभिमानाची घोषणा; ‘असेच येणार’ एवढी वस्तुस्थिती आहे. विनोदाला विनोदाने उत्तर दिले आहे, पण विनोदाचा रोख स्पॅनरवर आहे, टोमणा मारणाऱ्यावर नाही. भावाला ते वाक्य मिळमिळीत वाटले होते. त्याचे वाक्य अधिक चुरचुरीत होते, मात्र त्यात समोरच्याच्या अकलेचा उल्लेख होता. ‘तुमचे म्हणणे बरोबर आहे’ हे दुसऱ्या तक्रारीपुरते, नेमके तिचे नाव घेऊन म्हटले आहे, म्हणजे ते पहिल्या तक्रारीला लागू होत नाही. त्यानंतर उत्तराचा मोठा भाग गुडघ्याविषयी आहे. आणि संबोधन त्याच्या आईकडे वळवले आहे, कारण त्या संपूर्ण कॉमेंटमध्ये ज्यांना खरोखर काही हवे होते अशा व्यक्ती त्या एकट्याच होत्या. ‘आईंना’ या आदरार्थी रूपामुळे आणखी एक गोष्ट साधली: ज्या माणसाच्या आईची चौकशी केली आहे त्याला पुन्हा तेवढ्याच उर्मटपणे लिहिणे थोडे अवघड जाते. थोडेच, कारण पुढे काय झाले ते सांगायचे आहे.

उत्तर टाकण्यापूर्वी समर्थकांचा बंदोबस्त करावा लागला, आणि हे काम टोमण्यापेक्षा कठीण गेले. बाईंच्या बाजूने लिहिणाऱ्यांपैकी काहींनी समोरचा माणूस पुण्याचा असल्याचे परस्पर ठरवून सगळ्या पुणेकरांचा उद्धार केला होता. त्याला उत्तर म्हणून आलेल्या एकाने विदर्भातल्या लोकांना कामाचा आळस असतो असे लिहिले, आणि एकाने ‘असं बोलणारे कोण असतात ते माहीत आहे’ असे लिहिले. हे शेवटचे वाक्य जपून वाचावे लागते. महाराष्ट्रात ‘न’ आणि ‘ण’ यांवरून होणारी थट्टा प्रदेशाची थट्टा म्हणून सुरू होते आणि पुष्कळदा जातीवर जाऊन थांबते. बाईंनी आधी या सगळ्या धाग्याचे स्क्रीनशॉट तारीख आणि दुव्यासह जपून ठेवले, मग प्रदेश आणि जात काढणाऱ्या कॉमेंट, आपल्या बाजूच्या असोत की विरुद्ध बाजूच्या, सगळ्या काढून टाकल्या. समर्थकांच्या कॉमेंट काढायला त्यांचे मन तयार नव्हते. पण त्या ठेवल्या असत्या तर ‘स्पॅनर’वाला सभ्य आणि बाईंचा गोट शिवराळ, असे चित्र नव्याने येणाऱ्याला दिसले असते. स्क्रीनशॉट आधी घेण्याचे कारण व्यवहाराचे आहे. नुसती थट्टा हा गुन्हा नव्हे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ तर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले. मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून जाहीर अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, आणि काढून टाकलेली कॉमेंट नंतर पुराव्यासाठी परत मिळेल याचा भरवसा नसतो. येथे प्रकरण तेथवर गेले नाही.

टोमणा मारणाऱ्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: ‘म्हणजे सुधारणार नाही तर!’ एवढेच. भावाचा फोन पुन्हा आला, मलाही एक झकास वाक्य सुचले होते, आणि ते मी बाईंना पाठवले नाही. त्या कॉमेंटमध्ये नवी माहिती नव्हती, प्रश्न नव्हता आणि आईही नव्हती, म्हणून तिला उत्तर दिले गेले नाही. ती काढलीही नाही. पहिल्या उत्तरात जे सांगायचे ते सांगून झाले होते, आणि दुसरे उत्तर दिले असते तर ते फक्त शेवटचा शब्द आपला असावा यासाठी झाले असते. दोन दिवसांनी त्याच धाग्यावर तिसऱ्याच एका गृहस्थांनी विचारले की गुडघ्याखाली दाबायच्या टॉवेलची गुंडाळी किती जाड असावी. बाईंनी लिहिले की साधारण मनगटाएवढी पुरते, गुडघा खाली दाबून ५ आकडे मोजायचे, मग सैल सोडायचे, असे १० वेळा करायचे, आणि दुखणे वाढले तर थांबायचे. त्यानंतर त्या धाग्यावर आलेले बहुतेक प्रश्न व्यायामाचेच होते.

पुढच्या व्हिडिओच्या वेळी एक अनपेक्षित गोष्ट घडली, आणि उच्चार सुधारा असा सल्ला देणाऱ्या हितचिंतकांनी ती लक्षात घ्यावी. टोमण्याचा परिणाम मनात राहिल्यामुळे बाईंनी मान आणि खांद्याच्या व्यायामांचे चित्रीकरण करताना जाणीवपूर्वक ‘ण’ म्हणायला सुरुवात केली. ‘पाणी’ आणि ‘ताण’ नीट आले. पण लक्ष उच्चारावर असल्यामुळे ‘मान’ची ‘माण’ झाली आणि ‘कोपराचा कोन काटकोनात ठेवा’ या वाक्यात ‘कोन’चा ‘कोण’ झाला. जे शब्द त्या आजवर बरोबर म्हणत होत्या तेही बिघडले, आणि शिवाय बोलण्याची लय गेली. दवाखान्यात रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून बोलणाऱ्या बाई कॅमेऱ्यासमोर परीक्षेला बसल्यासारख्या दिसू लागल्या. जो भेद लहानपणापासूनच्या बोलण्यात नाही तो ऐन बोलताना शब्दागणिक आठवून करायचा म्हटले की असे अतिदुरुस्तीचे प्रकार होतातच. ते चित्रीकरण टाकून दिले. दुसऱ्यांदा चित्रीकरण करताना कागदावर फक्त क्रियापदे लिहून ठेवली: वाकवा, सरळ करा, धरून ठेवा, सैल सोडा, टाळा. ‘टाळा’ त्यांच्या तोंडी सहज बसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच ‘करू नका’ असे केले, आणि ते ‘टाळा’पेक्षा कितीतरी चांगले आहे.

हेच उत्तर सगळीकडे चालेल असे मात्र नाही. त्या कॉमेंटमध्ये आईचे वाक्य नसते, नुसते ‘गावठी’ किंवा नुसते हसण्याचे चिन्ह असते, तर उत्तर देण्यासारखे काही उरले नसते आणि मी गप्प राहण्याचाच सल्ला दिला असता. चॅनेल चालवणारी व्यक्ती १६-१७ वर्षांची असती, तर रात्रीचे तीन मसुदे लिहून सकाळपर्यंत थांबण्याची अपेक्षा तिच्याकडून करता आली नसती. तेथे काही दिवस कॉमेंट दुसऱ्या कोणीतरी वाचणे हाच पहिला उपाय ठरतो. आणि व्हिडिओ कवितेचा, गप्पांचा किंवा विनोदाचा असता, तर सरमिसळीबद्दलची तक्रारही बिनमहत्त्वाची ठरली असती, कारण तेथे ‘अव्हॉइड’ निसटल्याने कोणाचा गुडघा सुजत नाही.

एक शब्द अजून सुटलेला नाही. सांधा किती वाकतो आणि किती सरळ होतो याला फिजिओथेरपीत ‘रेंज ऑफ मोशन’ म्हणतात, आणि बाईंना प्रत्येक व्हिडिओत तो शब्दप्रयोग लागतो. ‘हालचालीचा पल्ला’ हा माझा प्रस्ताव त्यांना पुस्तकी वाटतो. त्यांचा पर्याय ‘वाकन्याची मर्यादा’ हा आहे. मला तो अपुरा वाटतो, कारण सरळ होणे त्यात येत नाही.